फीड तुटल्यावर हरवलेले मिनिट बार कसे भरायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रोकरच्या वेबसॉकेटवरून टिक घेऊन स्वतःचे एक मिनिटाचे बार बनवणाऱ्यांसाठी हे पान आहे. बाजार एनएसईचा रोख विभाग धरला आहे: सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३०, म्हणजे नेहमीच्या दिवशी ३७५ बार. बारवर त्याच्या सुरुवातीच्या मिनिटाची वेळ आहे असं समजा. ११:०७ चा बार म्हणजे ११:०७:०० ते ११:०७:५९.

पानभर एकच उदाहरण वापरलं आहे. एका शेअरचं फीड ११:०७:२० ला थांबलं आणि ११:२४:४० ला परत आलं. या काळात भाव १,२५१ वरून १,२३८ वर उतरला. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण गणित खरं आहे. ‘गॅप’ हा शब्द टाळून ‘खंड’ म्हटलंय, कारण बाजारात गॅप म्हणजे भावाने घेतलेली उडी, आणि इथे या दोन गोष्टींची गल्लत महाग पडते.

या खंडात माझे किती बार गेले?

बहुतेक जण १६ म्हणतात. ११:०८ ते ११:२३ हे बार टेबलात नाहीत, ते मोजले की १६ येतात. प्रोग्रामही हेच सांगतो:

```python
grid = pd.date_range("2025-07-09 09:15", "2025-07-09 15:29",
                     freq="min", tz="Asia/Kolkata")
missing = grid.difference(bars.index)   # 16
```

खरा आकडा १८ आहे. ११:०७ चा बार टेबलात आहे, पण त्याने फक्त पहिली २० सेकंदं पाहिली. ११:२४ चा बारही आहे, पण त्याने शेवटचीच २० सेकंदं पाहिली. ११:०७ चा ओपन बरोबर आहे आणि क्लोज चुकलेला. ११:२४ चा क्लोज बरोबर आहे आणि ओपन चुकलेला. दोन्हींचे हाय आणि लो अर्धवट आहेत. हे बार ‘आहेत’ म्हणून शोधणाऱ्या क्वेरीत सापडत नाहीत, आणि १६ बार भरून समाधान मानलं की हे दोन कायमचे तसेच राहतात. खंड भरण्यात मी सर्वात जास्त वेळा पाहिलेली चूक हीच.

म्हणून खंडाची हद्द बारच्या टेबलावरून ठरवू नका. ती टिकच्या वेळेवरून ठरवा. शेवटची टिक ज्या मिनिटात आली ते मिनिट धरून, परत आल्यावरची पहिली टिक ज्या मिनिटात आली त्या मिनिटापर्यंत सगळं बदलायचं. सॉकेट बंद झाल्याचा निरोप कधी आला यावरही विसंबू नका. राउटर किंवा मधला एखादा दुवा गेला तर सॉकेट आपल्या बाजूने उघडाच दिसतो आणि तो तुटल्याचं प्रोग्रामला एक-दोन मिनिटांनी कळतं. तुटल्याची नोंद ११:०९ ला झाली आणि हद्द तिथून धरली, तर ११:०७ चा अर्धा बार आणि ११:०८ चा हरवलेला बार दोन्ही हातचे जातात.

खंडानंतरच्या पहिल्या बारचा व्हॉल्यूम एवढा प्रचंड का दिसतो?

कारण टिकमध्ये येणारा व्हॉल्यूम दिवसाच्या सुरुवातीपासूनचा एकूण आकडा असतो. बार बनवणारा कोड ‘आत्ताचा एकूण वजा मागच्या बारअखेरचा एकूण’ असा हिशेब करतो. मध्ये १७ मिनिटं काहीच आलं नाही, तर त्या १७ मिनिटांची सगळी उलाढाल परत आलेल्या पहिल्या बारच्या अंगावर पडते.

आपल्या उदाहरणात ११:०६ संपताना दिवसाचा एकूण व्हॉल्यूम ४१,००,००० होता. फीड थांबलं तेव्हा तो ४१,१२,००० होता आणि ११:२४ संपताना ४६,५२,०००. म्हणजे ११:०७ च्या बारमध्ये १२,००० आणि ११:२४ च्या बारमध्ये ५,४०,००० शेअर नोंदले गेले. एरवी मिनिटाला तीसेक हजार शेअर होत असताना चार्टवर अचानक अठरापट उंच खांब उभा राहतो. ‘व्हॉल्यूम स्पाइकवर खरेदी’ असा नियम लावलेला असेल तर तो इथे नक्की पेटतो.

या दोषातून एक फार उपयोगी गोष्ट मिळते. वाटणी चुकली असली तरी बेरीज बरोबर आहे: १२,००० अधिक ५,४०,००० म्हणजे ५,५२,०००. आणलेल्या १८ बारची बेरीजही एवढीच यायला हवी. भरणं नीट झालं की नाही याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. त्यासाठी खंडाच्या दोन्ही टोकांचे एकूण व्हॉल्यूमचे आकडे बारपासून वेगळे जपून ठेवा. बार बदलले जातील, हे आकडे बदलायचे नाहीत.

मागचा क्लोज पुढे ओढून सपाट बार टाकले तर चालतील का?

या प्रकारच्या खंडासाठी नाही. सपाट बार म्हणजे चारही भाव सारखे आणि व्हॉल्यूम शून्य. तो असं सांगतो की ‘या मिनिटात कोणीही सौदा केला नाही’. आपल्याला सांगायचंय की ‘आम्ही पाहत नव्हतो’. ही दोन वाक्यं वेगळी आहेत आणि इंडिकेटरला त्यातला फरक कळत नाही.

सर्वात वाईट परिणाम एटीआरवर होतो. समजा ११:०७ ला १४ बारचा एटीआर १.५० रुपये होता. वाइल्डरच्या सूत्रात दर बारला जुन्या आकड्याचा १३/१४ भाग उरतो. शून्य रेंजचे १६ बार घातले की १.५० चे ४६ पैसे होतात. स्टॉपलॉस एटीआरच्या दुप्पट ठेवणाऱ्याचा स्टॉप तीन रुपयांवरून ९२ पैशांवर आला, तोही भाव प्रत्यक्षात तेरा रुपये घसरत असताना. बॉलिंजर बँडही असेच आवळले जातात आणि खंड संपल्याच्या पहिल्या बारला ‘ब्रेकआउट’ दिसतो.

दोन टोकांमध्ये सरळ रेषा ओढून बार बनवणं त्याहून घातक. चार्ट सुरेख दिसतो, आणि म्हणूनच ते बार खोटे आहेत हे सहा महिन्यांनी कोणाच्याही लक्षात येत नाही. खरे बार मिळेपर्यंत जागा रिकामी ठेवा.

बार नाही म्हणजे खंडच असतो का?

नाही. बार नसण्याची तीन कारणं असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिलं, त्या मिनिटात सौदाच झाला नाही. दूरच्या स्ट्राइकच्या ऑप्शनमध्ये किंवा लहान शेअरमध्ये हे रोजचं आहे. ओळखायची खूण म्हणजे त्या मिनिटाच्या आधी आणि नंतर दिवसाचा एकूण व्हॉल्यूम तोच असतो. इथे सपाट बार योग्य आहे, कारण तो खरं बोलतो.

दुसरं, बाजारच थांबला होता. २४ फेब्रुवारी २०२१ चा दिवस अनेकांना आठवत असेल. दूरसंचार दुव्यांच्या बिघाडानंतर एनएसईने सकाळी ११:४० ला सर्व विभागांतले व्यवहार थांबवले, ते दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू केले आणि संध्याकाळी ५ पर्यंत चालवले. त्या दिवशी एनएसईचे बार १४५ अधिक ७५, म्हणजे २२० आहेत. मधल्या चार तासांत भरण्यासारखं काहीच नाही, आणि ज्यांच्या कोडमध्ये ३:३० ही वेळ पक्की लिहिलेली होती त्यांचे शेवटचे ७५ बार गेले. त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली होती. शेअरचे व्यवहार चालू असतानाच निफ्टीचा आकडा अद्ययावत होणं थांबलं होतं, त्यामुळे शेअरचे बार चांगले आणि निर्देशांकाचे गोठलेले अशी स्थिती होती. म्हणून खंडाची तपासणी प्रत्येक टोकनची स्वतंत्र करावी लागते, एका निफ्टीवरून सगळ्यांचं ठरवता येत नाही.

१३ आणि २३ मार्च २०२० ला दहा टक्क्यांचं सर्किट लागून बाजार ४५ मिनिटं बंद राहिला, तोही याच प्रकारात येतो. थांबा उघडताना आधी प्री-ओपन होतं, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर त्याहून मोठं असतं.

तिसरं, बाजार चालू होता आणि आपण नव्हतो. बॅकफिल फक्त याच प्रकारासाठी.

यासाठी ‘रोज ३७५’ हे गृहीतक काढून सत्रांचं टेबल ठेवा: तारीख, सुरुवात, शेवट, आणि एका दिवसाला एकाहून जास्त ओळी चालतील अशी रचना. २ मार्च २०२४ च्या शनिवारी पर्यायी केंद्राच्या चाचणीसाठी ९:१५ ते १०:०० आणि ११:३० ते १२:३० अशी दोन सत्रं झाली, म्हणजे १०५ बार. २०२५ चा मुहूर्ताचा सौदा संध्याकाळी नव्हे, दुपारी १:४५ ते २:४५ झाला. हे दिवस कोडमध्ये अपवाद म्हणून लिहीत बसलात तर दरवर्षी एखादा निसटेलच.

खरे बार कुठून आणायचे?

ब्रोकरच्या ऐतिहासिक डेटाच्या एपीआयमधून. उदाहरणार्थ काइट कनेक्टमध्ये एका विनंतीत मिनिट बार जास्तीत जास्त ६० दिवसांचे मिळतात आणि ऐतिहासिक डेटासाठी सेकंदाला ३ विनंत्यांची मर्यादा आहे. खंड सतरा मिनिटांचा असो की दोन दिवसांचा, एका शेअरला एकच विनंती लागते. वेळ खंडाच्या लांबीवर अवलंबून नसतो, शेअरच्या संख्येवर असतो. २०० शेअर असतील तर सुमारे ६७ सेकंद. म्हणून रांग लावा: ज्यात पोझिशन उघडी आहे ते आधी, ज्यावर सिग्नल शोधताय ते नंतर, बाकीचे शेवटी.

विनंती नेमक्या खंडाची करू नका, दोन्ही बाजूंना पदर सोडून करा. आपल्या उदाहरणात मी १०:५५ ते ११:३५ मागेन. आधीचे बारा बार आणि नंतरचे काही बार माझ्याकडे चांगल्या स्थितीत आहेतच. आणलेले बार त्यांच्याशी ताडून पाहिले की स्रोत विश्वासाचा आहे का ते लगेच कळतं.

चालू मिनिट कधीही घेऊ नका. ११:२४:४० ला जोडणी झाली म्हणून ११:२४:४५ ला डेटा मागवला, तर ११:२४ चा बार अजून बनतोय. तो अर्धवट येईल आणि तुम्ही एका अर्ध्या बारच्या जागी दुसरा अर्धा बार ठेवाल. ११:२५ उलटू द्या, वर आणखी अर्धा-एक मिनिट थांबा, मग मागा. खंडानंतरच्या पदरातले बार ते पूर्ण झाल्यावर पुन्हा मागवून ताडता येतात.

आणलेले बार माझ्या चांगल्या बारशीही तंतोतंत जुळत नाहीत. कोण चुकतंय?

आधी पूर्ण एका मिनिटाचा फरक आहे का बघा. काही स्रोत बारवर सुरुवातीची वेळ लिहितात, काही शेवटची. माझा ११:०० चा क्लोज त्यांच्या ११:०१ च्या क्लोजशी, माझा ११:०१ चा त्यांच्या ११:०२ शी जुळत असेल, तर भाव बरोबर आहेत, फक्त पाट्या सरकलेल्या आहेत. साडेपाच तासांचा फरक दिसला तर प्रश्न यूटीसीचा: आपलं ९:१५ म्हणजे त्यांचं ३:४५.

पाट्या जुळल्यावरही हाय आणि लो मध्ये पाच-दहा पैशांचा फरक राहतो. ते स्वाभाविक आहे. किरकोळ ग्राहकाला वेबसॉकेटवर मिळणारी टिक म्हणजे प्रत्येक सौदा नव्हे. ठरावीक अंतराने काढलेला तो बाजाराचा फोटो असतो. दोन फोटोंच्या मध्ये भाव एखाद्या टोकाला शिवून आला तर तो आपल्या बारमध्ये येत नाही. ऐतिहासिक बार बहुधा अधिक भरलेल्या फीडवरून बनतात, म्हणून त्यांची रेंज आपल्यापेक्षा थोडी मोठी किंवा तेवढीच असते. नेहमी लहान दिसत असेल तर मात्र काहीतरी चुकतंय.

म्हणजे खंड भरल्यावर दिवसात दोन जातींचे बार राहतात: ३५७ आपले आणि १८ आणलेले. एका दिवसाच्या ईएमएला याने काही होत नाही, एटीआरला किंचित होतं. मला हे मिश्रण आवडत नाही. म्हणून बाजार बंद झाल्यावर मी पूर्ण दिवसाचे बार एकाच स्रोतातून आणून मुख्य टेबल बदलतो आणि दिवसभर बनलेले कच्चे बार वेगळ्या टेबलात जसेच्या तसे ठेवतो. हे वेगळं टेबल का लागतं ते पुढे येईल.

टेबलात घालताना काय काळजी घ्यायची?

आणलेले बार आधी एका तात्पुरत्या टेबलात उतरवा, तिथे परीक्षा करा, आणि पास झाले तरच मुख्य टेबलात हलवा. (token, ts) ही अनन्य जोडी असेल तर PostgreSQL मध्ये एकच आज्ञा पुरते:

```sql
INSERT INTO bars_1m (token, ts, o, h, l, c, v, src, filled_at)
SELECT token, ts, o, h, l, c, v, 'hist', now()
FROM stage_1m
WHERE ts >= '2025-07-09 11:07+05:30'
  AND ts <  '2025-07-09 11:25+05:30'
ON CONFLICT (token, ts) DO UPDATE
SET o = EXCLUDED.o, h = EXCLUDED.h, l = EXCLUDED.l,
    c = EXCLUDED.c, v = EXCLUDED.v,
    src = EXCLUDED.src, filled_at = EXCLUDED.filled_at;
```

इथे `DO NOTHING` लिहिलंत तर १६ बार भरतील आणि टोकाचे दोन अर्धे बार सुरक्षित राहतील, म्हणजे पहिल्या प्रश्नातली चूक परत. `DO UPDATE` मुळे हीच आज्ञा दहा वेळा चालवली तरी बारची संख्या बदलत नाही. `src` आणि `filled_at` हे स्तंभ आत्ता उगाच वाटतील. बॅकटेस्टच्या प्रश्नाला पोचलात की ते का ठेवले हे कळेल.

इंडिकेटर कुठपासून पुन्हा मोजायचे? थोड्या वेळाने ते आपोआप सुधारत नाहीत का?

काही सुधारतात, काही दिवसभर नाहीत, आणि काही कधीच नाहीत. इंडिकेटरची स्मरणशक्ती किती आहे यावर ते ठरतं.

२० बारची साधी सरासरी सर्वात सोपी. तिला फक्त शेवटचे २० क्लोज आठवतात. ११:२४ च्या अर्ध्या बारचाही क्लोज बरोबर असल्याने ११:४३ चा बार पूर्ण झाला की ती आपोआप खरी होते.

२० बारचा ईएमए हळूहळू विसरतो. खंडाआधी तो १,२५१ होता असं धरू. खंड न भरता ११:२४ चा १,२३८ हा क्लोज थेट जोडला तर दोन एकवीसांश भाग सरकून तो १,२४९.७६ येतो. भाव १८ बारमध्ये सारख्या गतीने उतरला असं मानून खरे बार घातले, तर तो १,२४३.७३ येतो. फरक ६ रुपये. ही चूक दर बारला एकोणीस एकविसांशाने घटते: २० बारनंतर सुमारे ८१ पैसे, ४० नंतर ११ पैसे, आणि पाच पैशांच्या खाली जायला ४८ बार. म्हणजे ११:२४ ला परत आलेला माणूस १२:१२ पर्यंत चुकीच्या ईएमएवर बसलेला असतो. १४ बारचा वाइल्डरचा आरएसआय याहून सावकाश विसरतो, कारण त्यात दर बारला १३/१४ भाग उरतो. साठ बारनंतरही मूळ चुकीचा एक टक्क्याहून थोडा जास्त अंश शिल्लक असतो.

व्हीवॅप मात्र दिवसभर काहीच विसरत नाही. ११:०६ ला तो १,२५० होता असं धरा, ४१ लाख शेअरवर. खंडातले ५,५२,००० शेअर प्रत्यक्षात सरासरी १,२४३ ला झाले, तर खरा व्हीवॅप १,२४९.१७ येतो. पण आपल्या टेबलात त्यातले ५,४०,००० शेअर ११:२४ च्या १,२३८ या भावावर नोंदले गेलेत, म्हणून तो १,२४८.६१ दिसतो. फरक ५६ पैसे, आणि बाजार बंद होईपर्यंत तो पूर्ण जात नाही. पुढची उलाढाल वाढेल तसा पातळ होतो इतकंच. व्हीवॅपला भाव शिवला की नाही यावर सौदे करणाऱ्याला ५६ पैसे पुष्कळ झाले. ओबीव्ही तर दुसऱ्या दिवशीही चूक घेऊनच जातो.

म्हणून नियम असा: बार भरल्यावर खंडाच्या आधीच्या शेवटच्या चांगल्या बारपासून, म्हणजे ११:०६ पासून, सगळं पुन्हा मोजायचं. प्रत्येक बारअखेर इंडिकेटरची अंतर्गत स्थिती साठवत असाल तर ती तिथून उचला. साठवत नसाल तर २०० बार मागून मोजायला लागा. २० चा ईएमए आणि १४ चा आरएसआय तोपर्यंत सुरुवातीचा आकडा पूर्ण विसरलेले असतात. व्हीवॅप ९:१५ पासूनच मोजा.

पाच आणि पंधरा मिनिटांचे बार वेगळे भरावे लागतात का?

वेगळे आणू नका, एक मिनिटाच्या बारवरूनच पुन्हा बनवा. आपल्या खंडात पाच मिनिटांचे चार बार (११:०५, ११:१०, ११:१५, ११:२०) आणि पंधराचे दोन (११:००, ११:१५) बिघडले आहेत. ११:०५ चा आणि ११:०० चा बार बदलायचा विसर पडतो, कारण त्यांची वेळ खंडाच्या आधीची दिसते. टाइमस्केलमध्ये कंटिन्युअस अ‍ॅग्रिगेट वापरत असाल तर खंडाला पूर्ण झाकणारी खिडकी देऊन ते ताजं करा:

```sql
CALL refresh_continuous_aggregate('bars_5m',
  '2025-07-09 11:00+05:30', '2025-07-09 11:30+05:30');
```

टेबल भरलं, तरी चार्टवर खंड तसाच दिसतो.

ब्राउझरमधल्या चार्टकडे स्वतःची प्रत असते. लाइटवेट चार्ट्समध्ये `update()` मुळात शेवटचा बार बदलायला किंवा नवा जोडायला आहे. मध्ये १८ बार घालायचे तर त्या मालिकेला `setData()` ने पूर्ण डेटा पुन्हा द्या, आणि इंडिकेटरच्या रेषांनाही. सर्व्हरकडून उघड्या चार्टना ‘या टोकनचा इतिहास बदलला’ असा छोटा निरोप पाठवायची सोय केलीत तर माणसाला पान पुन्हा उघडावं लागत नाही.

भरताना एखाद्या मागच्या बारवर सिग्नल तयार झाला तर ऑर्डर जाऊ द्यायची का?

नाही, आणि हे कोडमध्येच अशक्य करून ठेवा. ११:१३ ला ईएमएने छेद दिला हे तुम्हाला ११:२६ ला कळलं, तर तो ११:१३ चा भाव आता कोणी देणार नाही. बार पुरवणाऱ्या फंक्शनमध्ये ‘हा बार थेट आहे की भरलेला’ ही खूण पुढे जाऊ द्या आणि ऑर्डर पाठवणारा भाग फक्त थेट बारवरच जागा होऊ द्या.

मी पाळतो तो क्रम असा. जोडणी परत आल्यावर नवे थेट बार बनत राहतात, पण त्या टोकनचे इंडिकेटर ‘तयार नाही’ या स्थितीत जातात. बार आले, परीक्षा झाली, टेबल बदललं, ११:०६ पासून मोजणी होऊन ती चालू बारपर्यंत पोचली की स्थिती ‘तयार’ होते. सिग्नल त्यानंतर पूर्ण होणाऱ्या पहिल्या थेट बारवर. मोजणी चालू असताना ११:२५ आणि ११:२६ चे बार पूर्ण झालेले असतात, तेही मोजणीत घ्यायला विसरू नका, नाहीतर दोन मिनिटांचा नवा खंड आपणच तयार करतो.

उघड्या पोझिशनची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी बॅकफिलची वाट पाहू नका. जोडणी येताच आधी ब्रोकरकडून ऑर्डर आणि पोझिशनची खरी स्थिती मागवा. सतरा मिनिटांत स्टॉप लागून गेलेला असू शकतो, आणि प्रोग्रामच्या लेखी माल अजून हातात असतो.

बॅकटेस्टसाठी भरलेले बार वापरले तर काय बिघडतं?

धोरण बाजारात कसं चाललं असतं हे पाहायचं असेल तर भरलेलेच वापरा. पण ‘माझा प्रोग्राम ९ जुलैला असा का वागला’ हे शोधायचं असेल तर त्या दिवशी त्याला जे दिसलं तेच हवं, खोटा उंच खांब धरून. भरलेल्या बारवर तपासलं तर ११:१३ चा सौदा नफ्यात दिसतो आणि प्रत्यक्षात तो का झाला नाही याचं उत्तर सापडत नाही. कच्च्या बारचं वेगळं टेबल, `src` आणि `filled_at` हे यासाठी आहेत. ज्या बारचा `filled_at` त्या बारच्या वेळेच्या बराच नंतरचा आहे, तो त्या क्षणी कोणालाही माहीत नव्हता.

महिन्यापूर्वीचा एक खंड आत्ता सापडला. तोच मार्ग चालेल का?

मार्ग तोच, पण एक सापळा वाढतो. मधल्या काळात शेअरचं विभाजन किंवा बोनस झाला असेल तर ऐतिहासिक भाव नव्या पायावर आणलेले मिळू शकतात. एकास एक बोनसनंतर तुमच्या टेबलात १,२५० आणि आणलेल्या बारमध्ये ६२५, व्हॉल्यूम दुप्पट. नुसता खंड भरलात तर चार्टवर अठरा मिनिटांची विहीर पडते. दोन्ही बाजूंना सोडलेला पदर इथे वाचवतो: चांगल्या बारमध्येही हेच प्रमाण दिसलं की समजायचं, पाया बदललाय. मग एकतर आणलेले बार त्या प्रमाणाने जुन्या पायावर न्या, नाहीतर पूर्ण इतिहास नव्या पायावर आणा. एका दिवसात दोन पाये ठेवू नका.

भरणं नीट झालं हे शेवटी कसं ओळखू?

मी चार गोष्टी बघतो, याच क्रमाने. १८ बारच्या व्हॉल्यूमची बेरीज टोकांच्या फरकाएवढी, म्हणजे ५,५२,००० च्या अगदी जवळ आहे का. एखाद्या टक्क्याचा फरक चालेल, कारण मिनिटाच्या सीमेवरची टिक इकडे-तिकडे पडते. दहा टक्के नाही. मग पदरातल्या बारचे क्लोज जुळतात का. मग ११:०७ चा नवा बार माझ्या जुन्या अर्ध्या बारला पोटात घेतो का, म्हणजे नवा हाय जुन्याहून कमी नाही ना आणि नवा लो जुन्याहून जास्त नाही ना. ११:२४ लाही हेच. एक-दोन टिकआकाराची सूट ठीक.

चौथी गोष्ट संध्याकाळी, एनएसईच्या भावपत्रकाशी, म्हणजे भावकॉपीशी. दिवसाचा सर्वोच्च आणि नीचांकी भाव आपल्या सगळ्या बारच्या हाय-लोशी ताडा. क्लोज ताडताना तिथला ‘शेवटचा भाव’ घ्या, ‘बंद भाव’ नको. बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासाची व्हॉल्यूमने भारित सरासरी असतो आणि ३:२९ च्या बारच्या क्लोजशी तो जुळायचं कारण नाही. एकूण व्हॉल्यूममध्ये प्री-ओपनचे आणि बंद झाल्यानंतरच्या सत्राचे सौदेही असतात, म्हणून तो बारच्या बेरजेपेक्षा थोडा जास्त येतो.

निर्देशांकाला व्हॉल्यूम नसतो, त्यामुळे पहिली परीक्षा निफ्टीला लागू पडत नाही. तिथे पदर आणि पोटात घेण्याची परीक्षा यांवरच भागवावं लागतं. म्हणून मी निर्देशांकासाठी पदर दहा-बारा मिनिटांऐवजी तासाभराचा घेतो.